अहवालाचं शेवटचं पान: सारांश आणि शिफारशी वर्गात उतरवताना

पाचवीतला मुलगा, वय 10 वर्षं 4 महिने. शाळेने तपासणीसाठी पाठवताना प्रश्न अगदी नेमका विचारला होता: "तोंडी विचारलं तर सगळं सांगतो, लिहायला बसवलं की वही कोरी. लक्ष देत नाही की येत नाही, तेच कळत नाही." चाचण्या माझ्या एका सहकाऱ्याने घेतल्या आणि त्या काळजीपूर्वक घेतल्या. बारा पानांचा अहवाल तयार झाला, पालकांच्या संमतीने शाळेत गेला. दीड महिन्यानंतरही वर्गात काहीच बदललं नव्हतं.

बाईंनी अहवाल वाचलाच नाही, असं मात्र नव्हतं. सुरुवातीची पानं चाळून त्या थेट शेवटच्या दोन पानांवर गेल्या होत्या. बहुतेक शिक्षक तेच करतात आणि त्यांच्या कामाच्या रेट्यात ते योग्यच आहे. ती दोन पानं त्यांनी बारकाईने वाचून समासात पेन्सिलीने प्रश्न लिहिले होते. ती प्रत पालकांनी आणून दिली आणि सारांश व शिफारशी नव्याने लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. चाचण्यांचे निकाल तेच राहिले, बदललं फक्त शेवटचं प्रकरण. मुलाची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.

पहिल्या सारांशाची सुरुवात अशी होती:

"सदर बालकाची एकूण बौद्धिक क्षमता सरासरी श्रेणीत (101) आहे. शाब्दिक आकलन निर्देशांक उच्च सरासरी (116), दृक्-अवकाशीय निर्देशांक सरासरी (108), प्रवाही तर्क निर्देशांक सरासरी (106), कार्यकारी स्मृती निर्देशांक निम्न सरासरी (85, 16वा पर्सेंटाइल) व प्रक्रिया गती निर्देशांक निम्न सरासरी (80, 9वा पर्सेंटाइल) आढळला. वाचन ओघ व लेखन यांत लक्षणीय न्यूनता दिसून आली."

यात एकही विधान चुकीचं नाही. पण बाईंच्या पेन्सिलीने काय केलं ते पाहा. "101" भोवती गोल आणि शेजारी "म्हणजे हुशार आहे, मग करत का नाही?" "16वा पर्सेंटाइल"च्या बाजूला "100 पैकी 16 गुण?" आणि "प्रक्रिया गती"खाली रेघ ओढून एकच शब्द: "मंद?"

या तीन खुणांमध्ये सारांशाचं सगळं अपयश दिसतं. पहिल्या खुणेने मुलगा आळशी ठरला, तिसरीने मंदबुद्धी. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी, दोन्ही चुकीचे, आणि दोन्ही आमच्याच वाक्यांतून निघालेले. बाईंचा मूळ प्रश्न होता "लक्ष नाही की येत नाही", आणि त्याचं उत्तर त्या दोन पानांत कुठेच नव्हतं.

आकडे काय सांगत होते

नवा सारांश लिहिण्याआधी मी सगळे निकाल पुन्हा काढून बसले. चाचण्यांच्या क्रमाने सांगत गेलं की सारांश होत नाही, नुसती उजळणी होते. शिक्षकाला दिसणाऱ्या वागण्यापासून सुरुवात करून, ते वागणं कशामुळे घडतं याचा धागा निकालांमधून शोधावा लागतो.

एकूण बुद्ध्यांकाचा आकडा इथे फारसा उपयोगाचा नव्हता. 116 आणि 80 यांत 36 गुणांचं अंतर आहे. या प्रमाणांकांची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन 15 असतं, म्हणजे हे अंतर दोन प्रमाण विचलनांहून जास्त आहे. एवढ्या चढउताराची सरासरी काढली की 101 हा असा आकडा हाती येतो, जो मुलाच्या कोणत्याच क्षमतेचं वर्णन करत नाही. मूळ अहवालातल्या तपशिलाच्या पानांवर तो राहू द्यावा, पण सारांशाचं पहिलं वाक्य त्याला देऊ नये. वाचणारा पहिला आकडा पकडतो आणि पुढचं सगळं त्याच्या आधारे समजून घेतो.

प्रक्रिया गतीचा निर्देशांक दोन उपचाचण्यांवरून निघतो. एकीत ठरलेल्या अंकासमोर ठरलेलं चिन्ह भराभर काढायचं असतं; दुसरीत चिन्हं नजरेने शोधून फक्त खूण करायची असते. या मुलाला पहिलीत 5 आणि दुसरीत 8 गुण होते (इथे सरासरी 10 धरतात). तीन गुणांचा फरक एकट्याने फार काही सिद्ध करत नाही. पण त्याच्या जोडीला इतर गोष्टी होत्या. लिहून द्यायच्या प्रत्येक कामात तो मागे होता. तोंडी उत्तरं मात्र चटकन आणि भरभरून देत होता. वाचलेल्या शब्दांची अचूकता 92 होती, म्हणजे सरासरीत, पण वाचनाचा वेग 79. ऐकून समजण्याचे गुण 112. वेळेचं बंधन नसताना वाचून समजण्याचे 105. शुद्धलेखन 84.

हे सगळं एकत्र ठेवलं की चित्र स्पष्ट होतं. विचार करण्यात हा मुलगा हळू नाही. शब्द ओळखणं आणि अक्षर काढणं या दोन गोष्टी या वयापर्यंत आपोआप व्हायला हव्यात. त्याच्या अजून होत नाहीत. प्रत्येक शब्द जाणीवपूर्वक उलगडावा लागतो, प्रत्येक अक्षर आठवून काढावं लागतं. कार्यकारी स्मृती, म्हणजे काम करता करता मनात धरून ठेवायची जागा, त्याच्याकडे आधीच थोडी कमी आहे. ती अक्षरांतच खर्ची पडली की काय लिहायचं होतं ते निसटून जातं.

वर्गातल्या निरीक्षणाची नोंद याच्याशी तंतोतंत जुळत होती, आणि ती पहिल्या अहवालात सातव्या पानावर पडून होती. फळ्यावरचा मजकूर उतरवायला दहा मिनिटं दिली होती. शेजारच्या मुलांच्या नऊ-दहा ओळी झाल्या, त्याच्या चार. प्रत्येक शब्दासाठी तो फळ्याकडे दोनदा-तीनदा पाहत होता, दोन-तीन अक्षरं लिहायची, पुन्हा मान वर. पाचव्या ओळीला त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि खिडकीकडे पाहू लागला. बाईंना दिसत होता तो खिडकीकडे पाहणारा मुलगा.

मग लक्षाचं काय? लक्ष आणि वागणुकीच्या प्रश्नावलीत बाईंनी दुर्लक्षाची बरीच लक्षणं नोंदवली होती, आईवडिलांनी फारशी नाही. निरीक्षणात तोंडी तासाला तो पूर्णवेळ सहभागी होता, लिहिण्याच्या तासाला काही मिनिटांतच भरकटत होता. लक्षाचा मूळ दोष असता तर तो फक्त वही उघडल्यावर दिसला नसता. त्यामुळे निदान विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं, वाचनाचा ओघ आणि लेखन या भागांत. अवधान न्यूनतेचं नाही.

नवा सारांश

शेवटी हे लिहिलं:

"शाळेने विचारलं होतं की हा मुलगा लक्ष देत नाही की त्याला येत नाही. तपासणीनुसार त्याला विषय समजतो. ऐकून समजणं आणि शब्दांतून विचार मांडणं ही त्याची बलस्थानं आहेत. यात तो वयाच्या बहुतेक मुलांच्या पुढे आहे. अडचण येते ती वाचन आणि लेखनाच्या वेगात. त्याच्या वयाच्या 100 मुलांपैकी 90हून अधिक मुलं त्याच्यापेक्षा वेगाने वाचतात. अक्षर काढण्यातच त्याची बरीच शक्ती जाते, म्हणून काय लिहायचं ते मनात असूनही कागदावर येत नाही. लिहिताना त्याचं लक्ष उडतं ते या थकव्यामुळे, असं निरीक्षण आणि चाचण्या या दोन्हींतून दिसतं. तोंडी कामात लक्षाची अडचण दिसली नाही. एका वेळी बऱ्याच गोष्टी मनात धरणंही त्याला काहीसं जड जातं, मात्र हा निष्कर्ष वाचन-लेखनाच्या निष्कर्षाइतका ठाम नाही. ही विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. बुद्धी कमी असणं किंवा प्रयत्न न करणं हे तिचं कारण नाही."

यातली "तितका ठाम नाही" ही कबुली मी मुद्दाम ठेवली. कार्यकारी स्मृतीचे 85 गुण म्हणजे खरी क्षमता साधारण 79 ते 93 यांच्या मध्ये कुठेतरी. वरचं टोक सरासरीत येतं. वाचनाच्या वेगाला मात्र तीन वेगवेगळ्या नोंदींचा आधार होता. दोन्ही गोष्टी सारख्याच ठाम शब्दांत सांगितल्या तर बाई दोन्हींवर सारखाच वेळ घालवतील, आणि त्यांच्याकडे वेळ मोजका असतो. खात्रीच्या पायऱ्या वाक्यात उमटायलाच हव्यात. "दिसून आलं", "अशी शक्यता आहे", "यावरून सांगता येत नाही" हे शब्दप्रयोग आपण सवयीने एकमेकांच्या जागी वापरतो, तसं होऊ देऊ नये.

पर्सेंटाइल हा शब्दच काढून टाकला. टक्के आणि पर्सेंटाइल यांची गल्लत शिक्षकांकडून होणारच, कारण ते दिवसभर टक्क्यांमध्ये वावरतात. "100 मुलांपैकी किती" असं सांगितलं की गल्लत होत नाही. घरची पार्श्वभूमी आणि लहानपणचे आजार सारांशात घेतले नाहीत. पालकांनी ते विश्वासाने सांगितलेले असतात आणि फळ्यावरचं उतरवण्याशी त्यांचा संबंध नसतो. शाळेच्या प्रतीत काय जाणार हे पालकांना आधी वाचून दाखवावं, मगच ती द्यावी.

शिफारशी

पहिल्या अहवालात चौदा शिफारशी होत्या. "वैयक्तिक लक्ष द्यावे." "बहुसंवेदी पद्धतीने शिकवावे." "प्रोत्साहन द्यावे." "पुढच्या बाकावर बसवावे." "जादा वेळ द्यावा." "स्मृती वाढवणारे संगणकीय खेळ खेळवावेत." यांतल्या बऱ्याच गोष्टी कोणत्याही मुलाच्या अहवालात चिकटवता येतील. शिफारशीची माझी पहिली कसोटी हीच असते: मुलाचं नाव झाकलं तर ती या निकालांवरूनच निघाली हे ओळखू येतं का? पुढच्या बाकाची शिफारस या कसोटीवर पडते, कारण फळा जवळ आला म्हणून अक्षर आपोआप निघू लागत नाही. स्मृतीचे खेळ वेगळ्याच कारणाने काढले. त्या खेळात मूल तरबेज होतं, पण ती सुधारणा वाचन, लेखन किंवा गणितापर्यंत पोहोचत असल्याचा भक्कम पुरावा नाही. मुलाचा आणि पालकांचा वेळ तिकडे जाऊ देणं मला योग्य वाटत नाही.

चौदांच्या पाच केल्या. लिहिण्यापूर्वी बाईंशी फोनवर बोलले आणि तीन गोष्टी विचारल्या: वर्गात मुलं किती, लिहिण्याचं काम दिवसातून साधारण किती, आणि त्यांनी स्वतः काय करून पाहिलं होतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फार मोलाचं निघालं. त्या एकदा त्याला इतिहासाचं उत्तर तोंडी सांगायला लावून मग लिहायला बसवत होत्या, आणि "त्या दिवशी बरं लिहिलं होतं". त्यांनीच शोधलेली ती वाट थोडी पक्की करून दुसरी शिफारस तयार झाली.

पहिली शिफारस फळ्यावरून उतरवण्याची. "फळ्यावरचा मजकूर त्याला छापील किंवा झेरॉक्स स्वरूपात द्यावा. इतर मुलं उतरवत असताना त्याने त्यात रिकाम्या ठेवलेल्या जागी महत्त्वाचे शब्द भरावेत. कारण: फळा ते वही या प्रवासात तो दोन-तीन अक्षरंच धरू शकतो आणि उतरवण्यातून शिकणं होत नाही." रिकाम्या जागांचा तपशील लिहिला नसता तर छापील कागद थेट दप्तरात गेला असता आणि मूल दहा मिनिटं रिकामं बसलं असतं.

दुसरी: "मोठं उत्तर लिहिण्याआधी ते तोंडी सांगू द्यावं, त्यातले चार-पाच शब्द त्याने समासात लिहून ठेवावेत, मग वाक्यं लिहावीत. तपासताना आशयाला आणि शुद्धलेखनाला वेगळे गुण द्यावेत." गुण वेगळे करण्याचं कारणही जोडलं होतं. लाल खुणांनी भरलेली वही परत आली की पुढच्या वेळी मूल सोपे शब्द निवडतं, वाक्यं तोकडी करतं, आणि मग त्याची भाषिक ताकद कुणाला दिसतच नाही.

तिसरी शिफारस जादा वेळेची. हिच्यावर थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यांत जास्त वेळा लिहिली जाणारी आणि सगळ्यांत कमी विचार करून लिहिली जाणारी शिफारस हीच आहे. रोजच्या वर्गकामात जादा वेळ म्हणजे मधल्या सुट्टीवर गदा. म्हणून वर्गकामासाठी वेळ न वाढवता काम कमी करायला सांगितलं: त्याच काठिण्याची दहाऐवजी सहा गणितं. "त्याच काठिण्याची" हे शब्द गाळले तर सोपी सहा निवडली जातात, आणि समजण्यात काहीच अडचण नसलेलं मूल अभ्यासात मागे पडतं. परीक्षेत मात्र वेळच वाढवायला हवा. पण किती? ते ठरवायला बाईंना एक रीत दिली. दोन वर्गचाचण्यांत नेहमीची वेळ संपली की त्याच्या हातात दुसऱ्या रंगाचं पेन द्यायचं आणि आणखी वेळ लिहू द्यायचं. नंतर दोन्ही रंगांचे गुण वेगळे मोजायचे. दुसऱ्या रंगात बरोबर उत्तरं येत असतील तर वेळेचा खरोखर उपयोग आहे. नुसती खाडाखोड असेल तर अडचण वेगळी आहे. सार्वजनिक परीक्षांमध्ये सवलत मिळेल की नाही हे त्या परीक्षेचे नियम ठरवतात, अहवाल ते मंजूर करू शकत नाही. हेही त्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिलं, नाहीतर पालक अहवालालाच मंजुरी समजून बसतात.

चौथी छोटी होती. सूचना एका वेळी दोनच, आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेल्या. "समजलं का?" असं विचारलं की मूल मान डोलावतं, म्हणून त्याऐवजी "आधी काय करणार?" असं विचारावं.

पाचवी शिफारस बाईंसाठी नव्हतीच, आणि तसं तिथे लिहिलेलंही होतं. वाचनाचा ओघ वाढवण्याचं काम विशेष शिक्षकाने करायचं: आठवड्यातून तीन-चार वेळा, दर वेळी 15 ते 20 मिनिटं, त्याच्या पातळीचा एकच उतारा चुका तिथल्या तिथे सुधारत पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचून घ्यायचा. आठवड्यातून एकदा नव्या उताऱ्यावर मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले ते मोजायचं. पाठ झालेल्या उताऱ्यावर मोजलं तर प्रगती फुगून दिसते. पहिल्या अहवालात कोण काय करणार हे कुठेच नव्हतं, त्यामुळे चौदाच्या चौदा गोष्टी वर्गशिक्षिकेच्या डोक्यावर पडल्या होत्या.

प्रत्येक शिफारशीखाली एक ओळ ठेवली: "उपयोग होतोय हे कसं कळेल?" पहिल्या शिफारशीखाली लिहिलं होतं की तासाच्या शेवटी दोन प्रश्न तोंडी विचारा, उतरवण्यातून सुटल्यावर त्याला धडा जास्त आठवायला हवा. शेवटी तारीख घातली, आठ आठवड्यांनी पुन्हा बोलायचं.

आठ आठवड्यांनी

छापील कागद पहिल्याच आठवड्यात सुरू झाला आणि टिकला. दुसऱ्या रंगाच्या पेनने लिहिलेल्या दोन्ही चाचण्या बाईंनी जपून ठेवल्या होत्या. पहिलीत नेहमीच्या वेळेत 20 पैकी 9 गुण, वाढीव पंधरा मिनिटांत आणखी 5. दुसरीत 11 आणि 4. परीक्षेच्या सवलतीसाठी पालकांनी अर्ज केला तेव्हा अहवालासोबत हे दोन कागद जोडले; चाचण्यांच्या गुणांच्या जोडीला रोजच्या वर्गातला असा पुरावा असला की मागणी सुटी राहत नाही.

तोंडी सांगून मग लिहिण्याची रीत मात्र जशीच्या तशी चालली नाही. सगळ्यांसमोर बाईंच्या टेबलापाशी जाऊन उत्तर सांगायला मुलाला लाज वाटू लागली आणि त्याने ते टाळायला सुरुवात केली. ही अडचण आमच्या चाचण्यांतून कळण्यासारखी नव्हती; वर्गात मूल कुणाच्या नजरेला बिचकतं हे तिथल्याच माणसाला दिसतं. बाईंनी तोडगा काढला की सगळ्याच वर्गाने लिहिण्याआधी शेजाऱ्याला उत्तर सांगायचं. सुधारलेल्या पानावर तो तोडगा त्यांच्या शब्दांत घेतला. शुद्धलेखनाचे गुण वेगळे करण्याची गोष्ट भाषेच्या तासाला झाली, इतर विषयांच्या शिक्षकांपर्यंत पोहोचलीच नव्हती, कारण अहवाल फक्त वर्गशिक्षिकेच्या कपाटात होता. त्यावर पालकांच्या संमतीने पाच शिफारशींचं एकच पान, निदान आणि आकडे वगळून, सर्व विषयशिक्षकांना दिलं.

वाचनाचा वेग विशेष शिक्षकाच्या नोंदीत मिनिटाला 61 शब्दांवरून 70वर आला होता. दिशा बरोबर आहे, पण वर्गाच्या वेगापर्यंत पोहोचायला हे पुरेसं नाही. म्हणून पाचवी शिफारस पुढच्या सत्रातही चालू ठेवली आणि त्याच्या आठवडी मोजमापाचा आलेख सहावीच्या वर्गशिक्षकांना द्यायच्या पानाला जोडला. सूचनांची चौथी शिफारस त्या पानावरून काढली. बाई आता तसंच सगळ्या वर्गाला सांगतात आणि मुलाला त्यासाठी वेगळी सोय लागत नाही.